पत्रकावर ध्येय लिहिताना जड शब्द टाळायचे कसे?

प्रश्न: "आमचा छोटा धार्मिक ट्रस्ट आहे. आषाढी वारीत वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी करतो. पत्रकासाठी ध्येयवाक्य आणि थोडक्यात माहिती हवी आहे, पण लिहायला बसलं की सरकारी भाषाच येते. कसं लिहू?"

आमचाही ट्रस्ट असाच, सासवडच्या मुक्कामी सेवा करणारा. आमच्या पहिल्या पत्रकावर मीच लिहिलं होतं: "मानवसेवेच्या उदात्त हेतूने प्रेरित होऊन वारकरी बांधवांच्या सर्वांगीण कल्याणासाठी कटिबद्ध." पाय चेपून घेत बसलेल्या एका आजींच्या हातात ते पत्रक दिलं, तर त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं, "हे काय वाटतायत?" त्या ओळीत पाय नव्हते, मलम नव्हतं, सासवड नव्हतं. तीच ओळ एखाद्या गोशाळेच्या पत्रकावर छापली असती तरी चालली असती.

ती भाषा कुठून आली तेही नंतर लक्षात आलं. ट्रस्टच्या घटनेतल्या उद्देशांवरून मी ती उतरवली होती. घटनेत उद्देश मुद्दाम ऐसपैस लिहितात, म्हणजे उद्या काम वाढलं तरी ते उद्देशांत बसतं. पत्रक मात्र आज काय चालतं ते सांगायला असतं. म्हणून घटना बाजूला ठेवा आणि सेवेच्या दिवशी हातांनी काय करता ते आठवा. पुणे ते सासवड हा पल्ला मोठा, त्यात दिवे घाट. पाऊस लागला तर चपला ओल्या होतात, घासतात आणि टाचेला फोड येतात. आपण पाय धुतो, कोरडे करतो, फोड न फोडता पट्टी बांधतो. ध्येय यातूनच निघतं. आम्ही शेवटी असं लिहिलं:

"पंढरीला निघालेल्या वारकऱ्याच्या दुखऱ्या पायांची सेवा करणं, म्हणजे त्याला पुढच्या मुक्कामाला चालत जाता येईल."

यात कोणासाठी, काय आणि कशासाठी हे तिन्ही आहे. श्रद्धा वेगळी सांगावी लागली नाही, कारण 'पंढरी' आणि 'सेवा' या दोन शब्दांत ती आहेच. 'गरजू' हा शब्द मी काढून टाकला. वारकरी आपल्या पायांनी विठ्ठलाला भेटायला निघालेला असतो, त्याला गरजू म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

त्याखालची माहिती पाच-सहा वाक्यांत संपवा. आमची अशी आहे:

"दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असते, तेव्हा आम्ही तिथे मंडप टाकतो. पाय धुतो, तेल लावून चेपतो, फोड आणि जखमांना पट्टी बांधतो. पैसे घेत नाही. दिंडी, गाव, जात विचारत नाही. ताप, छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर लगेच सरकारी वैद्यकीय पथकाकडे पोहोचवतो. सेवा करणारे सगळे आपापली कामं सांभाळून येतात."

यातलं पथकाचं वाक्य खोडू नका. आधी आम्ही 'मोफत वैद्यकीय सेवा' असं छापलं होतं, तर लोक मधुमेहाच्या गोळ्या संपल्या म्हणून येऊ लागले. मंडपात डॉक्टर नव्हता. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटायचं. काय करत नाही हे लिहिलं की माणसाची तेवढी पायपीट वाचते. 'जात विचारत नाही' हे लिहिलं असेल तर नाव लिहून घेणाऱ्या वहीतही तसा रकाना नको.

देणगीची ओळ वेगळी ठेवा आणि तिथेही वस्तूंची नावं घ्या: कापसाचे गुंडाळे, चिकटपट्टी, खोबरेल तेल, स्वच्छ जुनी सुती धोतरं. 'सढळ हस्ते मदत करावी' असं वाचून काय आणायचं ते कळत नाही. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रावर आहे तसाच उतरवा. प्राप्तिकरातली सवलत मिळते असं छापायचं तर त्या मंजुरीची मुदत आधी बघा, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला किंवा वस्तूरूपाने दिलेल्या देणगीला ती मिळत नाही हेही तिथेच लिहा. नाहीतर तेलाचे डबे देणारा माणूस पावती घेऊन वर्षअखेरीला तुमच्याकडेच येईल.

अक्षर मोठं घ्या. पत्रक वाचलं जातं ते संध्याकाळी, मंडपातल्या दिव्याखाली, बहुतेकदा चष्म्याशिवाय. छापायला देण्याआधी ट्रस्टबाहेरच्या एखाद्या वयस्कर माणसाला ते मोठ्यानं वाचायला सांगा आणि ऐकत राहा. जिथे ते अडखळतील तो शब्द बदला. आमच्याकडे 'चिकित्सा' असाच गेला आणि 'पट्टी' आली.