कॅफेतल्या मशीनवरून चॅट टूलला फोटो: नोटिशीत काय लिहावं?

प्रश्न: माझा सायबर कॅफे आहे. एआय चॅट टूलला आता फोटोही पाठवता येतो, हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना नोटीस लावून सांगायचंय. "फोटो पाठवता येतील" एवढंच लिहिलं तर चालेल का?

उत्तर:

तेवढंच लिहिलंत तर दिवसभर काउंटरवर एकच प्रश्न ऐकावा लागेल: "फोटो गेला, पण आता तो आहे कुठे?" मीही कॅफेच चालवतो. नोटिशीत याचंच उत्तर हवं, बाकी दोन ओळींत भागतं.

आधी खातं कोणाचं ते ठरवा. दुकानाचं एकच खातं सगळ्या मशीनवर उघडं ठेवायचा मोह होतो, कारण मग लॉगिनची कटकट राहत नाही. पण अशा टूलमध्ये सहसा जुन्या संभाषणांची यादी बाजूलाच दिसते, आणि त्यातलं एक उघडलं की आधीच्या माणसाने पाठवलेला कागद पुढच्याच्या समोर येतो. म्हणून ज्याने त्याने आपापल्या खात्यातून आणि खाजगी विंडोतूनच काम करावं. क्रोममध्ये ती Ctrl+Shift+N ने उघडते.

खाजगी विंडो बंद केली की सगळं पुसलं जातं, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. लॉगिन आणि ब्राउझरमधला इतिहास जातो, पण Downloads मध्ये उतरलेला फोटो मशीनवर तसाच राहतो आणि संभाषण खात्यात राहतं. त्यामुळे पुसायचं दोन ठिकाणी: मशीनवरची फाइल Shift+Delete ने, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही उरत नाही, आणि संभाषण टूलमध्ये जाऊन. खात्यातून काढलेलं संभाषण कंपनीच्या सर्व्हरवरून नेमकं कधी जातं, हे ज्या त्या कंपनीच्या नियमांवर आहे. त्याची हमी आपण देऊ नये. व्हॉट्सॲप वेबवरून फोटो उतरवला असेल तर तिथून लॉगआउटही करायला सांगा. हे सर्वात जास्त विसरलं जातं.

फोटो कसला असतो, तेही लक्षात घ्या. ज्याच्या मोबाइलवरच ते टूल चालतं तो कशाला येईल? येणारा बहुधा हाताने लिहिलेला कागद घेऊन येतो, टाइप करून हवा म्हणून. चार पानी अर्ज धरा. मोबाइलने काढलेल्या फोटोत पान वाकलेलं असतं, हाताची सावली पडलेली असते, शिवाय व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. पण स्कॅनर असेल तर तो वापरा. ३०० डीपीआयला स्कॅन करून जेपीजी पाठवली की पुरतं. आयफोनचे फोटो कधीकधी HEIC प्रकारचे निघतात आणि प्रत्येक टूल ते घेईलच असं नाही. तेही आधी जेपीजी करून घ्यावे लागतात.

आता खरी गोम. अक्षर लागलं नाही की टूल बऱ्याचदा थांबत नाही, अंदाजाने शोभेलसा शब्द टाकून पुढे जातं. वाक्य इतकं सरळ बसतं की वाचताना चूक खटकतच नाही. नावं, तारखा आणि आकडे यांत हे जास्त होतं. घाईत लिहिलेले १ आणि ९ तर माणसालाही ओळखू येत नाहीत. म्हणून फोटोसोबत हे वाक्य लिहायला सांगा: "जसंच्या तसं टाइप कर, शुद्धलेखन सुधारू नकोस, जो शब्द वाचता येत नाही तिथे [?] ठेव." अर्ज मळका आणि खाडाखोडीचा असूनही एकही [?] आला नाही, तर समजावं की अंदाज मारलेत. मग मूळ कागद हातात घेऊन निदान नावं आणि आकडे ताडून बघायचे.

माझी नोटीस अशी आहे:

"चॅट टूलला आता फोटो किंवा स्कॅन पाठवता येईल. स्वतःच्या खात्यातून आणि खाजगी विंडोतूनच पाठवा. ओळखपत्र, बँकेचे कागद, दुसऱ्या कोणाचे फोटो पाठवू नका. आलेला मजकूर मूळ कागदाशी ताडून मगच प्रिंट घ्या. उठण्यापूर्वी Downloads मधली फाइल आणि टूलमधलं संभाषण पुसा, सगळीकडून लॉगआउट करा. जमत नसेल तर काउंटरवर विचारा."

ओळखपत्राच्या ओळीवर वाद होतो. "नुसता पत्ता तर टाइप करायचाय," असं म्हणतात. मग पत्त्याचाच भाग कापून तेवढाच पाठवायला लावतो. पेंटमध्ये ते अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फक्त न कापलेली मूळ फाइलही पुसायला हवी.

आणि नोटीस दारावर लावू नका, तिथे कोणी वाचत नाही. प्रत्येक मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवा.