दोन भुजा आणि एक कोन सारखा, तरी एकरूप का नाही?

प्रश्न: दोन भुजा व एक कोन समान दाखवला, तरी सरांनी ‘बाकोबा’ खोडलं. मग कर्णभुजा कसोटी कशी चालते?

बाकोबामध्ये कोन त्या दोन भुजांच्या मधलाच हवा. कंपास घेऊन पाहा. रेख AB = 6 सेमी काढा, A पाशी 30° चा किरण काढा. आता B केंद्र धरून 4 सेमी त्रिज्येचा कंस मारा. तो किरणाला दोनदा छेदतो, A पासून साधारण 2.5 आणि 7.8 सेमीवर. मापं तीच, त्रिकोण दोन!

आता A पाशी 90° घ्या आणि कंस 7 सेमीचा मारा. किरणावर एकच बिंदू मिळतो. कर्णभुजा चालते ती यामुळेच.

दहावीत ती स्पर्शिकाखंडांच्या प्रमेयात लागते. O केंद्र, P बाहेरचा बिंदू, A व B स्पर्शबिंदू:

∠OAP = ∠OBP = 90° … (स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय)
OA = OB … (एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
OP = OP … (सामाईक कर्ण)
∴ ∆OAP ≅ ∆OBP … (कर्णभुजा कसोटी)
∴ PA = PB … (एकरूप त्रिकोणांच्या संगत भुजा)

काटकोनाची ओळ गाळली, तर उरतो तोच 30° वाला घोळ. शिवाय PA = PB हे कारण म्हणून आधीच वापरू नका, तेच तर सिद्ध करायचंय.