‘असू दे’ म्हणते, पण बोलत नाही

प्रश्न : “जिवाभावाच्या मैत्रिणीला मी बोलून बसले, ‘माझ्या भाच्याने बघ कसं मन लावून केलं, तुझ्या मुलाला काय कमी होतं?’ तिचा चेहराच उतरला. मी दोनदा सॉरी म्हटलं. ती ‘असू दे गं’ म्हणते, पण आधीसारखी बोलत नाही. आता आणखी कशी माफी मागू?”

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एक बाई मला आठवल्या. त्यांच्या परवानगीने त्यांची हकिकत सांगते; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांच्या मैत्रिणीची मुलगी एका प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा मागे पडली होती. पाच-सहा जणी मैत्रिणीच्या घरी जमल्या असताना विषय निघाला आणि या म्हणाल्या, “माझ्या पुतणीने पहिल्याच फटक्यात काढली. तू हिला जरा जास्तच मोकळं सोडलंस.” मुलगी आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा माफीचा मजकूर वहीच्या पानावर लिहूनच आणला होता. “एवढं तपासून द्या, म्हणजे पाठवते,” म्हणाल्या. मजकूर असा होता : “माझ्या बोलण्याचं तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. मी तिच्या काळजीपोटीच बोलले. तुझी लेकही हुशारच आहे, चित्रकलेत तर माझ्या पुतणीपेक्षा कितीतरी पुढे. आणि माझा मुलगा तरी कुठे मोठे दिवे लावतोय! मला माफ कर, आपण पुन्हा पहिल्यासारख्या होऊ या.”

मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, मैत्रीण होऊन वाचा, जिथे टोचेल तिथे खूण करा. ‘असेल तर’ या शब्दांखाली त्यांनी लगेच रेघ मारली. चेहरा उतरलेला डोळ्यांनी पाहिल्यावर ‘असेल तर’ कसलं? ‘काळजीपोटी’पाशी त्या जरा घुटमळल्या, कारण काळजी खरीच होती. पण माफी मागताना हेतू सांगितला की ऐकणारीला तो समजून घ्यावा लागतो. म्हणजे दुखावलेल्या बाईवरच दुखावणाऱ्या बाईला समजून घेण्याचं काम येऊन पडतं. तेही खोडलं.

चित्रकलेच्या वाक्यावर मात्र त्यांनी खूण केलीच नाही. त्यांना ते सगळ्यात चांगलं वाक्य वाटत होतं. आमचा उरलेला सगळा वेळ त्या एका वाक्यावर गेला.

मी विचारलं, “इथे पुतणी पुन्हा का आली?” त्या गप्प झाल्या. मैत्रिणीला दुखावलं होतं ते मुलीला कमी गुण दिल्यामुळे, असं त्यांनी धरलं होतं, म्हणून त्या आता गुण वाढवून देत होत्या. पण मैत्रिणीने त्यांना परीक्षक नेमलंच कधी होतं? तिने लेकीच्या अपयशाची गोष्ट एका मैत्रिणीला सांगितली होती आणि मैत्रिणीने हातात मोजपट्टी घेतली. मग तुम्ही ‘कमी’ म्हणा की ‘जास्त’ म्हणा, मोजपट्टी हातातच राहते. ‘माझा मुलगा तरी कुठे’ हेही तेच; फक्त या वेळी स्वतःच्या पोराला खाली उभं केलं.

तुलनेच्या माफीत मला नेहमी हीच अडचण दिसते. कुणाच्या नोकरीची तुलना केलेली असली तरी माणसं सवयीने म्हणतात, “तुझं काम त्याच्यापेक्षा समाधानाचं आहे.” ऐकणाऱ्याला त्यातला ‘त्याच्यापेक्षा’ तेवढा ऐकू येतो.

शेवटी पानावर उरलं ते एवढं : “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझ्या लेकीची माझ्या पुतणीशी तुलना केली आणि दोष तुझ्यावर टाकला. ते चुकीचं होतं. तू कशातून जात होतीस ते मी विचारलंसुद्धा नाही.” माफीची विनंतीही आम्ही काढून टाकली. 2016 मध्ये संशोधक रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफीचे सहा घटक वेगवेगळे करून लोकांना कितपत पटतात ते पाहिलं होतं. सर्वांत जास्त वजन ‘चूक माझी आहे’ या कबुलीला मिळालं आणि सर्वांत कमी ‘मला माफ कर’ या विनंतीला. माझा अनुभवही असाच आहे. विनंती आली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि मनात नसताना द्यायचं सोपं उत्तर म्हणजे ‘असू दे’.

हे शब्द मेसेजवर पाठवायचे नव्हते. मेसेज फक्त एवढाच, “तुला भेटून बोलायचंय, तुला जमेल तेव्हा.” उत्तर नवव्या दिवशी आलं. मधल्या काळात त्यांनी मला दोनदा फोन करून “आठवण करू का?” असं विचारलं आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं.

भेटीत त्यांनी ती तीन वाक्यं म्हटली. त्यावर मैत्रीण म्हणाली, “आणि मी नोकरी सोडली तेव्हा? तेव्हाही तू तुझ्या जावेचं उदाहरण दिलं होतंस.” या बाईंना ते आठवतही नव्हतं. अशा वेळी ‘मी असं म्हटलं नव्हतं’ हे वाक्य जिभेवर येतं, आणि तिथेच बऱ्याच माफ्या मोडतात. आम्ही याची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, “मला आठवत नाही, पण तुझ्या लक्षात राहिलंय म्हणजे लागलंच असणार. सांग मला.” मैत्रीण बराच वेळ बोलली, रडली. या ऐकत राहिल्या. माझ्या मते त्या दिवशी माफीचं खरं काम त्या ऐकण्याने केलं. तुमची दोन सॉरी तुमच्या मैत्रिणीचं बोलून होण्याआधी तर गेली नाहीत ना, ते जरा आठवून पाहा.

मुलीचं काम उरलं होतं. तिच्याशी परस्पर बोलू नका, आधी तिच्या आईला विचारा, असं मी सुचवलं होतं. आई म्हणाली, “बोल, पण परीक्षेचं काही काढू नकोस.” या तिला एवढंच म्हणाल्या, “त्या दिवशी मी तुझ्याबद्दल जे बोलले, ते बोलायचा मला काही अधिकार नव्हता. माझं चुकलं.” जवळ घेणं नाही, पुढचं काय ठरवलंस असं विचारणं नाही. मुलगी “ठीक आहे मावशी” म्हणाली आणि आत गेली. त्यांना ते फार कोरडं वाटलं. मी म्हटलं, सतरा वर्षांच्या मुलीने आपल्याला हलकं वाटावं म्हणून हसायचं, हीही अपेक्षा आपणच ठेवतोय.

आणि त्या पाच-सहा जणी? मैत्रिणीने “तो विषय पुन्हा नको” असं सांगितलं, म्हणून तिथे काही केलं नाही. तिने हवं म्हटलं असतं तर चूक जिथे बोलली तिथेच दुरुस्त करावी लागली असती.

पुढचे काही महिने दोघींचं बोलणं मोजकंच होतं. बाईंनी पुतणीचं नाव त्या घरात घेणं थांबवलं, पण मुलीची चौकशीही मुद्दाम करायच्या नाहीत. मग एका संध्याकाळी मैत्रिणीचाच फोन आला, लेकीने वेगळाच अभ्यासक्रम घ्यायचं ठरवलं होतं. “तुला काय वाटतं, ते आत्ता नको सांगूस,” मैत्रीण म्हणाली, “नुसतं ऐक.” त्या पाऊण तास ऐकत बसल्या.