मतदार यादी वर्गात उघडा

प्रश्न: आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मतदार दिनाला शपथ आणि रांगोळी होते, पुढे काहीच नाही. बारावीची मुलं खरोखर मतदान करतील यासाठी शाळेने काय करावं?

मी बारावीला राज्यशास्त्र शिकवते. जुलैत एक तास मी फक्त मतदार यादीला देते. voters.eci.gov.in वर आपल्या भागाची यादी मिळते. ती छापून पाच मुलांत एक प्रत द्यायची आणि सांगायचं, आपल्या घरातली नावं शोधा. मागच्या वर्षी एका मुलाला वारलेले आजोबा यादीत सापडले, आणि आईचं नाव मात्र कुठेच नव्हतं. तिच्याकडे ओळखपत्र होतं, पण यादीत नाव नसेल तर नुसत्या कार्डावर मत देता येत नाही. त्या आठवड्यात त्याने यादीत नाव असलेल्या घरातल्या मोठ्यांकडून मृत्यूदाखला जोडून आजोबांचं नाव वगळायला नमुना ७ भरून घेतला आणि आईकडून नाव नोंदवायला नमुना ६. स्वतःचाही नमुना ६ भरला, तो तर साडेसतरा वर्षांचाच होता.

हेच मुलांना माहीत नसतं. सतरा पूर्ण झाली की अर्ज आधीच देता येतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी हीच तारीख धरत, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. २० सप्टेंबरला अठराची होणारी मुलगी १ ऑक्टोबरला पात्र ठरते. ५ ऑक्टोबरचा मुलगा थेट पुढच्या १ जानेवारीला. फळ्यावर प्रत्येकाची तारीख लिहून घ्या. "निवडणूक लागली की भरू" म्हणणारे हमखास राहतात, कारण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव घालता येत नाही. महापालिका, जिल्हा परिषदेला तर विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशी जशी असेल तशीच घेतात.

वादविवादाचं म्हणाल तर "लोकशाही की हुकूमशाही" असले विषय सोडा, पाठ केलेली भाषणं ऐकावी लागतात. मी आपल्याच मतदारसंघातल्या, होऊन गेलेल्या निवडणुकीतल्या दोन उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं देते. मालमत्ता, कर्ज, दाखल गुन्हे, शिक्षण सगळं त्यात असतं. नियम एकच: समोरच्याने "कुठल्या पानावर?" विचारलं की पान दाखवायचं, नाहीतर मुद्दा मागे घ्यायचा. पहिल्या दहा मिनिटांत निम्मे मुद्दे मागे जातात. मग मुलं खरंच वाचायला लागतात, आणि "गुन्हा दाखल" म्हणजे "शिक्षा झाली" नव्हे यावर आपसातच भांडतात.

चालू निवडणुकीतले उमेदवार मात्र घेऊ नका, पालक आणि पक्ष दोघंही दारात येतात. आणि प्रतिज्ञापत्रातली माहिती उमेदवाराने स्वतःच दिलेली असते, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.