तीन तासांच्या लेक्चरमधली सात मिनिटं

प्रश्न : मॅडम, मी राज्यसेवेची तयारी करते. राज्यव्यवस्थेची लेक्चर्स सरांना विचारून फोनवर रेकॉर्ड करते, एकेक तीन तासांचं. रिव्हिजनला हवा असतो त्यातला पाच-सात मिनिटांचा तुकडा, आणि तो शोधण्यातच अर्धा तास जातो. ऑडॅसिटीत फाइल उघडली की माझा जुना लॅपटॉप अडकतो. एकदा कमांडने कापायला गेले, तर तुकडा दीड तासाचा निघाला! कसं करू?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुझा दीड तासाचा तुकडा वाचून हसू आलं, कारण ही चूक मीही केली आहे. तिच्याकडे येतेच, पण त्याआधी तुझी वही काढ. तुकडा शोधण्यात जाणारा अर्धा तास कुठल्याही सॉफ्टवेअरने वाचणार नाही, तो वर्गात बसल्या बसल्याच वाचतो.

लेक्चर सुरू होताना रेकॉर्डिंग कधी चालू केलं ते पानाच्या डोक्यावर लिही, समज 9:05. मग सर एखादा मुद्दा उलगडून सांगायला लागले की समासात फक्त घड्याळातली वेळ टाक. परवा एका मुलाची अशीच वही माझ्यासमोर होती. ‘मूलभूत संरचना’ या शब्दांशेजारी त्याने 10:42 लिहिलं होतं. 9:05 पासून ते 1 तास 37 मिनिटं होतात. तो रेकॉर्डिंगमध्ये तिथे गेला, तर सर पंचायत राजवर बोलत होते! चहाच्या सुट्टीत त्याने रेकॉर्डिंग 15 मिनिटं थांबवलं होतं, हे तो विसरला होता. ती वजा केली की येतात 1 तास 22 मिनिटं. म्हणून सुट्टीचीही नोंद हवी.

आणखी एक. आपण समासात वेळ लिहितो ती मुद्दा रंगल्यावर, सुरू होताना नव्हे. म्हणून दोनेक मिनिटं मागून ऐकायला घ्यायचं. त्याच्या फाइलमध्ये सरांनी वर्गाला प्रश्न टाकला तो 1:20:40 ला, ‘संसद घटना बदलू शकते, मग सगळी घटनाच बदलली तर?’ आणि उत्तर संपलं 1:27:20 ला. म्हणजे 6 मिनिटं 40 सेकंद. सुरुवात त्या प्रश्नापासूनच हवी. प्रश्न कापून नुसतं उत्तर ठेवलं, तर महिन्याभराने ऐकताना सर कशाबद्दल बोलताहेत तेच कळत नाही.

आता कापणं. ऑडॅसिटी वाईट नाही, पण ते दाबलेली फाइल पूर्ण उलगडून ठेवतं. त्याची ती फाइल 2 तास 51 मिनिटांची होती. एकाच चॅनेलची असली तरी उलगडल्यावर साधारण 1.8 जीबी होते आणि स्टिरिओ असेल तर दुप्पट. जुना लॅपटॉप अडकणारच. त्यापेक्षा ffmpeg बरं. तुझ्याकडे ते आहेच, फक्त कमांडमधली जागा चुकली असणार. बरोबर कमांड अशी:

```
ffmpeg -ss 01:20:40 -to 01:27:20 -i polity.m4a -c copy clip.m4a
```

`-ss` म्हणजे कुठून, `-to` म्हणजे कुठपर्यंत, आणि `-i` नंतर मूळ फाइलचं नाव. दोन्ही वेळा `-i` च्या आधी आहेत ना, तीच गोम आहे. `-ss` आधी आणि `-to` मात्र `-i` च्या नंतर लिहिलं, की ffmpeg कापलेल्या जागेपासून पुन्हा शून्याने मोजायला लागतं. मग त्याच्या लेखी 01:27:20 म्हणजे ‘इथून पुढे 1 तास 27 मिनिटं’. तुझा दीड तास बहुधा असाच आला. कापल्यावर आधी तुकड्याची लांबी बघायची. सातच्या जागी सत्त्याऐंशी मिनिटं दिसली, तर ऐकायचीही गरज नाही, कमांड बघ.

`-c copy` मुळे आवाज नव्याने दाबला जात नाही, आहे तसा उचलला जातो. म्हणून दर्जा घटत नाही आणि काम चुटकीसरशी होतं. त्याची एकच अट आहे. मूळ फाइल `.m4a` असेल तर तुकडाही `.m4a` च हवा. हौसेने `clip.mp3` लिहिलंस, तर `Invalid audio stream` अशी तक्रार येईल. नाव बदललं म्हणून आतला प्रकार बदलत नाही.

तू मागच्या बाकावर बसत असशील आणि सरांचा आवाज बारीक येत असेल, तर मात्र copy चालणार नाही, कारण आवाज वाढवायचा म्हणजे तो नव्याने दाबावाच लागतो. तेव्हा `-c copy` काढून त्या जागी हे लिही:

```
-af volume=8dB -ac 1 -b:a 64k
```

याने आवाज साधारण अडीच पट होतो. पंख्याची घरघरही तेवढीच वाढते, त्याला इलाज पुढच्या बाकावर बसण्याचा. 64k ला सात मिनिटांचा तुकडा साडेतीन एमबीच्या आत बसतो.

फोनमधल्या रेकॉर्डरमध्येही कापायची सोय असते, पण तिथे जपून. काही ॲप्स कापलेला भाग मूळ फाइलवरच सेव्ह करतात. एका व्याख्यानाचं माझं पूर्ण रेकॉर्डिंग असंच गेलं, उरली चार मिनिटं. आधी कॉपी करायची, मग कात्री लावायची.

आता काय कापायचं ते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, त्यामुळे तुला सरांच्या तोंडून ‘केशवानंद भारती, 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा’ हे पुन्हा पुन्हा ऐकायची गरज नाही. ते वहीतल्या एका ओळीत मावतं. कापायचा तो तर्क. 1967 च्या गोलकनाथ निकालाने संसदेचे हात बांधले, 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीने संसदेने ते सोडवून घेतले, आणि 1973 ला न्यायालयाने म्हटलं, दुरुस्ती करा, पण मूलभूत संरचनेला धक्का नको. हे एकातून दुसरं कसं निघालं, ते सर ज्या ओघात सांगतात तो ओघ वहीत उतरत नाही. तीन तासांत असे दोन, फार तर तीन तुकडे निघतात. दहा कापलेस, तर लेक्चरच पुन्हा ऐकायला बसल्यासारखं होईल.

फाइलच्या नावात मूळ जागा ठेव, उदाहरणार्थ `polity_basic-structure_0120.m4a`. शेवटचे आकडे म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमधला 1 तास 20 मिनिटांचा ठिकाणा. तुकड्यात काही अर्धवट वाटलं, तर थेट तिथे जाता येतं. आणि तुकडा ऐकून झाला की त्याच प्रश्नाचं उत्तर वहीकडे न बघता लिहून काढ, मगच पुढचा लाव. लिहिताना जिथे अडशील, तेवढाच भाग परत ऐक.

सरांना विचारून रेकॉर्ड करतेस हे चांगलं. पण ती परवानगी तुझ्यापुरती आहे. तुकडे ग्रुपवर टाकायचे असतील तर पुन्हा विचार. आणि क्लासच्या ॲपमधली, डाउनलोड बंद असलेली लेक्चर्स असतील, तर ती फोडायच्या मागे लागू नकोस. तिथे प्लेअरवर दिसणारी वेळच समासात लिही, प्लेअर थेट त्या मिनिटावर नेता येतो.