शेरा क्रमांक २९

प्रश्न: दुसऱ्या कन्सल्टंटने केलेला पुलाचा डिझाइन रिपोर्ट प्रूफ चेकिंगला आलाय. पत्रात गंभीर चुका आणि साध्या सूचना वेगळ्या कशा दाखवायच्या? आणि शेरे साधारण किती असावेत?

दहा-बारा वर्षांपूर्वी मी असंच एक पत्र लिहिलं होतं. शेरे ४३. पहिला मुखपृष्ठावर नदीचं नाव चुकलं होतं त्याचा, दुसरा संदर्भ यादीत जुनी आवृत्ती होती त्याचा. पुढे पानांच्या क्रमाने सगळं, कारण आमच्या साहेबांची पद्धतच तशी होती. "आपण चुका दाखवायच्या. कुठली मोठी, कुठली लहान, हे डिझायनरने ठरवायचं." मी तेव्हा नवा होतो, पुण्यातल्या त्या ऑफिसात टेबल मिळालं यातच खूश होतो. वाद घातला, पण चहा संपेपर्यंतच.

पूल खानदेशातला. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात खडक लवकर लागत नाही, म्हणून पाइल. प्रत्येक पिअरला १.२ मीटर व्यासाचे चार. रिपोर्ट देखणा होता, रंगीत बेंडिंग मोमेंट डायग्राम वगैरे. पुरात नदीचा तळ किती खरवडला जाईल, त्या स्कावरच्या हिशेबात पूर ७०० क्युमेक धरला होता. पाणलोट क्षेत्र लहान, त्यामुळे पायासाठी ३० टक्के वाढवून ९१०, तेही बरोबर केलं होतं. प्रभावी जलमार्ग ६० मीटर, म्हणजे मीटरला साधारण १५.२ क्युमेक, हा Db. सिल्ट फॅक्टर Ksf १.२५. आता लेसीचं सूत्र लावा:

dsm = 1.34 × (Db² / Ksf)^(1/3)

सरासरी स्कावर खोली ७.६२ मीटर येते. इथपर्यंत त्यांचा आणि माझा आकडा एकच. पुढे आयआरसी:७८ सांगतं की अबटमेंटपाशी याच्या १.२७ पट आणि पिअरपाशी दुप्पट धरा, आणि ही खोली पूरपातळीपासून खाली मोजा. यांनी अबटमेंटची एक्सेल शीट कॉपी करून पिअरची बनवली होती आणि १.२७ तसाच राहून गेला होता. पूरपातळी ९८.००, नदीचा तळ ९०.५०. त्यांच्या हिशेबाने स्कावर लेव्हल ८८.३२, म्हणजे तळाखाली दोन मीटरच्या जरा वर. खरी यायला हवी होती ८२.७६, म्हणजे तळाखाली पावणेआठ मीटर.

ही चूक नजरेला टोचत नाही. तळाखाली दोन मीटर माती वाहून जाणं कुणालाही पटण्यासारखं आहे, त्यामुळे आकडा वाचून कुणी थबकत नाही. मला ती सापडली कारण मी त्यांचा हिशेब उघडण्याआधी कागदावर माझा केला होता. समोरच्याच शीटमधून खाली उतरत गेलात तर त्याच्याच पायवाटेने चालता आणि त्याच खड्ड्यात पडता.

पाइलवर याचा परिणाम काय? पाइल कॅपचा तळ नदीच्या तळाइतक्याच उंचीवर होता. मातीचा आधार नसलेली लांबी दोन मीटरऐवजी पावणेआठ. पाइल जमिनीत आणखी साधारण पाच मीटर खाली जखडला जातो असं धरलं तर एकूण लांबी ७.२ वरून १२.७ वर जाते, आणि त्याच आडव्या बलाला पाइलमधला मोमेंट जवळपास पावणेदोनपट होतो. वर साडेपाच मीटर उंचीचं स्किन फ्रिक्शन गेलं ते वेगळंच. दिलेलं स्टील कुठल्याही अंगाने पुरणार नव्हतं.

आणि मी शेरा काय लिहिला? क्रमांक २९: "पिअरसाठी वापरलेला १.२७ हा गुणक कृपया तपासावा." बस. अठ्ठाविसावा शेरा फॉन्टबद्दल होता, तिसावा क्रॅश बॅरियरच्या एका सेक्शनमध्ये माप दिसत नव्हतं त्याबद्दल.

पंधरा दिवसांत उत्तरांचा तक्ता आला. फॉन्ट बदलला, माप टाकलं, नदीचं नाव दुरुस्त केलं. २९ समोर लिहिलं होतं: "तपासले, योग्य आढळले." साहेबांनी तक्त्यावर नजर फिरवली, ४३ पैकी ४१ शेऱ्यांची पूर्तता झालेली, उरलेल्या दोनमध्ये वाद नको म्हणून सही केली. मी तेव्हा दुसऱ्या कामावर होतो. पण "योग्य आढळले" वाचून उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो नाही, ही माझी चूक, ती कुणावर ढकलत नाही.

काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूला गेलो असताना साइटवर थांबलो. ऑफिसच्या कंटेनरमध्ये भिंतीला जीएडी लावलेलं होतं आणि त्यावर स्कावर लेव्हल ८८.३२ लिहिली होती. पहिल्या पिअरचे चारही पाइल ओतून झालेले. पुढचं थोडक्यात: तिथे दोन पाइल वाढवले, कॅप मोठी केली, बाकीच्या पिअरचं डिझाइन नव्याने झालं. काम तीन महिने बंद, ठेकेदाराचा क्लेम आला तो वेगळा. पूल आज उभा आहे, त्यावरून एसटी जाते.

मला लागलं ते यानंतरचं. चौकशीच्या बैठकीला जाताना साहेब गाडीत म्हणाले, "घाबरतोस कशाला? आपण लिहिलं होतं ना. क्रमांक २९. आपण मोकळे." बैठकीत त्यांनी पत्र काढून दाखवलं आणि आम्ही खरंच मोकळे झालो. मला अजून त्या मोकळेपणाची लाज वाटते. पूल पाडू शकणारी चूक फॉन्टच्या शेजारी बसवून ठेवणं म्हणजे ती सांगणं नव्हे, लपवणं आहे. फक्त पावतीसह.

आता तुमचा प्रश्न. मी स्वतःला एकच विचारतो: हा शेरा कुणी वाचलाच नाही आणि पूल असाच बांधला, तर काय होईल? एखादा लिमिट स्टेट फेल होत असेल, किंवा ड्रॉइंगमधलं माप, लेव्हल, स्टील बदलावं लागत असेल, तर तो अ. आकडा बरोबरही असेल, पण हिशेब दाखवल्याशिवाय सांगता येत नाही, तो ब. बाकी सगळं क, आणि क मी हल्ली पत्रात घालतच नाही, वेगळं परिशिष्ट जोडतो. त्याला उत्तर नाही दिलं तरी चालेल असं स्पष्ट लिहितो. ब चा शेरा वाऱ्यावर सोडू नका. त्याचं उत्तर आलं की तो अ होतो किंवा मिटतो, मधेच लोंबकळत राहत नाही.

अ चा शेरा असा लिहितो (प्रत्यक्षात पत्र इंग्रजीत जातं): "अ-१. पान ६२, पिअर पी-१ ते पी-३. रिपोर्टमध्ये कमाल स्कावरसाठी १.२७ गुणक घेतला आहे. आयआरसी:७८ प्रमाणे पिअरसाठी २.० हवा. आमच्या हिशेबाने स्कावर लेव्हल ८८.३२ नसून ८२.७६ येते (हिशेब जोडला आहे). त्यामुळे पाइलची आधाराविना लांबी सुमारे ५.५ मीटरने वाढते आणि दिलेले स्टील अपुरे ठरते. सुधारित पाइल डिझाइन आणि पायाची ड्रॉइंग सादर करावीत. तोवर पायाची ड्रॉइंग साइटवर देऊ नयेत." यात "कृपया तपासावे" कुठेही नाही. "तपासावे" म्हटलं की "तपासले" हेच उत्तर येतं, आणि शेवटचं वाक्य नसेल तर पाइल ओतले जातात. अ चे शेरे पहिल्याच पानावर येऊ द्या. अधिकारी पहिलं पान वाचतो, बाकीचं त्याचा ज्युनिअर वाचतो.

साहेब म्हणायचे, एखाद्याची चूक गंभीर म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. माझा अनुभव उलटा आहे. चांगल्या डिझायनरला तीन नेमके शेरे चालतात, ४३ चा गठ्ठा आला की तो चिडतो आणि सगळ्यालाच एका झटक्यात "नोंद घेतली" लिहितो. अ चा शेरा पाठवण्याआधी फोन मात्र करा. पत्रातून कळलं की माणूस बचावाला उभा राहतो, फोनवर कळलं की शीट उघडून बघतो.

एक गोष्ट पत्राच्या सुरुवातीलाच लिहा: काय तपासलं नाही. २०१८च्या मार्चमध्ये मायामीत विद्यापीठाजवळचा पादचारी पूल वाहतुकीला खुला होण्याआधीच कोसळला, सहा माणसं गेली. त्या डिझाइनचंही स्वतंत्र रिव्ह्यू झालेलं होतं. अमेरिकेच्या एनटीएसबीने चौकशीत काढलं की ट्रसच्या सांध्यातल्या हिशेबाच्या चुका रिव्ह्यूत पकडल्या गेल्या नाहीत, बांधकामाच्या टप्प्यांची तपासणी झालीच नव्हती. सर्टिफिकेट वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी लिहितो: बेअरिंग तपासली नाहीत, गर्डर उचलतानाचे स्ट्रेस तपासले नाहीत, जे असेल ते. क्लायंटला आवडत नाही, पैसे यासाठीच दिले ना, म्हणतो. मग म्हणावं, वाढवून द्या, तेही तपासतो.

वर अ, ब, क म्हणजे सोपं काम असं वाटलं असेल तर ते तसं नाही. चूक दिसायला लहान म्हणून क मध्ये टाकू नका. जनरल नोट्समध्ये एम-४० च्या जागी एम-३५ छापलं असेल तर ती टायपिंगची चूक आहे, पण साइटवर नोट्स वाचतात, हिशेब नाही. तो अ. तसंच, चूक सुरक्षित बाजूला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. वरच्या गर्डरचं वजन दहा टक्के जास्त धरलं असेल तर गर्डरला बरं, पण पिअर उलटण्याच्या तपासणीत तेच वजन त्याला धरून ठेवतं, तिथे ते फसवं.

शेरे किती असावेत याला आकडा नाही. अ मध्ये सहा-सातच्या वर गेले तर मी पत्रच लिहीत नाही, रिपोर्ट परत पाठवा असं एका पानात कळवतो. तशा रिपोर्टचे शेरे लिहायचे म्हणजे आपणच डिझाइन करून द्यायचं.

आणि अ लिहिणारा बरोबरच असतो असंही नाही. गेल्या वर्षी कोकणातल्या एका पुलावर मी असाच दणक्यात स्कावरचा शेरा लिहिला, अ-२, पायाची ड्रॉइंग थांबवा वगैरे. डिझायनर मुलगी तिशीचीही नसेल. तिने फोनवर शांतपणे विचारलं, "सर, बोअर क्रमांक ४ पाहिलात का?" तळाखाली तीन मीटरवर अखंड बेसाल्ट होता. लेसी वाळू-गाळासाठी आहे, खडक त्या सूत्राने खरवडला जात नाही, आणि तिचा पाया त्या खडकात व्यवस्थित रोवलेला होता. मी बोअर लॉग परिशिष्टात आहे म्हणून शेवटी वाचायला ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सुधारित पत्र गेलं: "अ-२ मागे घेतला आहे. कारण: बोअर क्रमांक ४."