ओट्स ग्लूटेन-फ्री असतात का?

प्रश्न: मला सीलिॲक आहे, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते. ओट्स मुळातच ग्लूटेन-फ्री असतात ना, मग साधे ओट्स का चालत नाहीत?

ओट्समध्ये गव्हातलं ग्लूटेन नसतं, त्यांचं प्रथिन वेगळं आहे: ॲव्हेनिन. बहुतेक सीलिॲक रुग्णांना ते सोसतं, मोजक्यांना नाही. खरा घात होतो भेसळीमुळे. शेत, कापणी यंत्र, ट्रक, गिरणी, सगळीकडे गहू आणि बार्लीचे दाणे त्यात मिसळतात.

हिशेब करून बघा. ग्लूटेन-फ्रीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम ओट्समध्ये फक्त १ मिलिग्रॅम. गव्हाच्या एका दाण्यात साधारण ३ मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे वाटीत एकच दाणा आला तरी मर्यादा तिप्पट ओलांडली! शिवाय दाणे सगळीकडे सारखे पसरत नाहीत. त्यामुळे एक पाकीट सोसलं म्हणून पुढचंही सोसेल असं नाही. धुऊन किंवा शिजवून ग्लूटेन जात नाही, आणि त्रास जाणवला नाही तरी आतड्याला इजा होऊ शकते.

म्हणून पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिलेलेच ओट्स घ्या. नुसतं ‘१००% ओट्स’ पुरेसं नाही. तेही अँटिबॉडीज नॉर्मल झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, थोड्या प्रमाणात सुरू करा आणि काही महिन्यांनी त्याच अँटिबॉडीजची टीटीजी रक्ततपासणी पुन्हा करून घ्या.